महाविद्यालयाच्या वेळापत्रकाच्या स्क्रीनशॉटपासून आठवड्याचा अभ्यास-आराखडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी सत्र सुरू झाले की वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर वेळापत्रकाचा एक स्क्रीनशॉट येतो. विद्यार्थी तो फोनमध्ये ठेवतात आणि रोज सकाळी उघडून पुढचे व्याख्यान कोणत्या खोलीत आहे एवढेच पाहतात. त्याच चित्रात आठवड्याचे काही तास मोकळे पडलेले असतात. ते शोधून वापरायचे कसे, याविषयी मला वारंवार विचारले गेलेले प्रश्न येथे घेतले आहेत. उदाहरण म्हणून माझ्या भाचीचे वेळापत्रक शेवटपर्यंत सोबत ठेवले आहे. ती विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात शिकते, डोंबिवलीहून दादरजवळच्या महाविद्यालयात येते आणि तिची प्रात्यक्षिके दुसऱ्या बॅचमध्ये होतात.

स्क्रीनशॉट हाती आल्यावर सर्वांत आधी काय तपासावे?

तीन गोष्टी तपासाव्यात. वेळापत्रक कोणत्या तारखेपासून लागू आहे, ते तुमच्याच वर्गाचे आणि तुकडीचे आहे का, आणि चित्राच्या कडा कापल्या गेलेल्या नाहीत ना. कापली जाते ती बहुधा उजवीकडची शेवटची रांग किंवा खालचा शनिवार, आणि नेमके तेच भाग नसल्याचे सहज लक्षात येत नाही. खालच्या टिपेत विषयांच्या संक्षेपांचे अर्थ आणि बॅचचे हजेरी-क्रमांक असतात, त्यामुळे ती टीपही चित्रात असायला हवी.

व्हॉट्सॲपवर फिरत आलेले चित्र दाबले गेलेले असते आणि बारीक अक्षरे पुसट होतात. वर्गप्रतिनिधीकडे मूळ पीडीएफ असेल तर तीच मागावी, आणि नसेल तर चित्र फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. पीडीएफ संगणकावर तयार केलेली असेल तर तिच्यातील मजकूर थेट निवडून उतरवून घेता येतो आणि पुढचे निम्मे काम वाचते.

चित्रातील मजकूर आपोआप काढून घेता येतो का, की सर्व हातानेच टंकित करावे लागते?

काढून घेता येतो. अँड्रॉइडवर गूगल लेन्स आणि आयफोनवर लाइव्ह टेक्स्ट ही सोय चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर देतात. परंतु वेळापत्रक हा चौकटींचा तक्ता आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते. यंत्र अक्षरे बरोबर वाचते, पण कोणते अक्षर कोणत्या चौकटीतले हे त्याला नेहमी कळत नाही. ते ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जाते, आणि मध्ये एखादी चौकट रिकामी असेल तर ती गाळून पुढचा विषय तिच्या जागी सरकवते. म्हणजे आपण ज्या रिकाम्या चौकटी शोधायला निघालो, नेमक्या त्याच या वाचनात हरवतात.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. पूर्ण चित्र एकदम वाचायला देऊ नये. चित्र कापून एका वेळी एकाच दिवसाची पट्टी द्यावी, म्हणजे घोळ झालाच तर त्या दिवसापुरता राहतो आणि मूळ चित्राशी ताडून पाहणे सोपे जाते. सहा दिवसांच्या सहा पट्ट्यांना फार वेळ लागत नाही. खरे तर अठरा-वीस नोंदींच्या वेळापत्रकाला हाताने भरण्याचा मार्गही तितकाच जलद आहे, आणि हाताने भरताना प्रत्येक चौकट आपोआप डोळ्यांखालून जाते. माझा कल हाताने भरण्याकडेच आहे. मजकूर-वाचनाचा खरा उपयोग मला अनेक तुकड्यांच्या मोठ्या तक्त्यात, संपूर्ण विभागाचे वेळापत्रक हाती असतानाच वाटतो.

अक्षरांतही ठरलेल्या चुका होतात. `B1` हे बॅचचे नाव `81` असे वाचले जाते, शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल होते, आणि १०.३० मधील टिंब गळून १०३० उरते. हे सर्व एका नजरेत सापडते. पण एक चूक नजरेत येत नाही, आणि ती जोडलेल्या चौकटीची आहे. दोन तासांचे प्रात्यक्षिक तक्त्यात दोन चौकटी एकत्र करून लिहिलेले असते. मजकूर एकदाच असल्यामुळे तो पहिल्या तासाच्या खाती जातो आणि दुसरा तास मोकळा दिसतो. आमच्या उदाहरणात पहिल्या बॅचच्या विद्यार्थ्याला सोमवारी साडेबारा ते दीड असा एक तास रिकामा सापडला असता, आणि प्रत्यक्षात त्या वेळी तो प्रयोगशाळेत ब्युरेट हातात धरून उभा असता.

मजकूर मिळाल्यावर तो कशा स्वरूपात मांडावा?

चौकटींचा तक्ता तसाच पुन्हा काढू नये. प्रत्येक व्याख्यानाला किंवा प्रात्यक्षिकाला एक ओळ द्यावी, आणि त्या ओळीत वार, सुरुवात, शेवट व विषय एवढेच लिहावे. वारांची नावे लिहिली तर शीट त्यांना अक्षरांच्या क्रमाने लावते आणि सोमवार भलत्याच ठिकाणी जातो, म्हणून सोमवारला १, मंगळवारला २ असे शनिवारच्या ६ पर्यंत आकडे द्यावेत. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने आणि मध्ये कोलन म्हणजे `:` हे चिन्ह देऊन लिहावी. टिंब दिले तर शीट तिला वेळ न समजता साधा दशांश आकडा समजू शकते. भाचीच्या सोमवारच्या ओळी अशा झाल्या:

```
1,08:00,09:00,CHE
1,09:00,10:00,PHY
1,13:30,14:30,ENG
```

पहिली ओळ शीर्षकांना सोडून गूगल शीट्समध्ये हे स्तंभ `A` ते `D` असे भरले आणि आधी वारानुसार, मग सुरुवातीच्या वेळेनुसार क्रम लावला, की `E2` मध्ये पुढील सूत्र लिहून ते खाली ओढावे:

```
=IF(A3=A2,ROUND((B3-C2)*1440,0),"")
```

पुढची ओळ त्याच दिवसाची असेल तर तिची सुरुवात आणि या ओळीचा शेवट यांतील अंतर मिनिटांत येते. शीट वेळेला दिवसाचा अपूर्णांक मानते, म्हणून दिवसाच्या १४४० मिनिटांनी गुणावे लागते. उत्तर वेळेच्या रूपात दिसले तर त्या स्तंभाचे स्वरूप साधी संख्या असे करावे. वरच्या ओळींत भौतिकशास्त्राच्या समोर २१० आले, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी दीड हे साडेतीन तास मोकळे आहेत.

भरताना चूक झाली आहे हे कसे ओळखावे?

सूत्रच बरेच काही सांगून जाते. उणे आकडा आला तर दोन नोंदी एकमेकींवर चढल्या आहेत. भाचीच्या बुधवारी दीडच्या चौकटीत दोन ओळी होत्या, पहिल्या बॅचचे भौतिक प्रात्यक्षिक आणि दुसऱ्या बॅचचे रसायन प्रात्यक्षिक. तिने दोन्ही भरले आणि समोर -१२० आले. एखाद्या दिवशी भल्या पहाटे व्याख्यान आणि त्यापुढे पाच-साडेपाच तासांची पोकळी दिसली, तर दुपारचे दीड वाजता हे `13:30` ऐवजी `1:30` असे लिहिले गेले आहे असे समजावे.

जोडलेल्या चौकटीची चूक मात्र या सूत्रात सापडत नाही, तिथे एकूण तासांची बेरीज लागते. भाचीच्या १८ नोंदी दुसऱ्या ओळीपासून एकोणिसाव्या ओळीपर्यंत होत्या:

```
=(SUM(C2:C19)-SUM(B2:B19))*24
```

उत्तर २१ यायला हवे होते. रसायन, भौतिक आणि गणित यांची प्रत्येकी चार व्याख्याने म्हणजे १२, दोन प्रात्यक्षिकांचे ४, इंग्रजीचे २, पर्यावरणाचा १ आणि शनिवारच्या कौशल्य-अभ्यासक्रमाचे २. पहिल्या खेपेस २० आले, आणि शोधल्यावर एक प्रात्यक्षिक एकाच तासाचे भरल्याचे दिसले. कोणत्या विषयाचे आठवड्याला किती तास हे माहीत नसेल तर अभ्यासक्रमातील क्रेडिटवरून अंदाज बांधता येतो. एका क्रेडिटला सत्रात साधारण १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक धरले जाते, म्हणून पंधरा आठवड्यांच्या सत्रात चार क्रेडिटच्या लेखी विषयाला आठवड्याला चार तास येतात.

एकाच चौकटीत दोन-तीन बॅच लिहिलेल्या असतात. त्यांचे काय करावे?

आपली बॅच ठेवावी आणि बाकीच्या ओळी गाळाव्यात, पण गाळण्यापूर्वी त्या कुठे होत्या याची खूण करून ठेवावी. पूर्ण प्रश्नावलीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

मोकळा वेळ दोन प्रकारचा असतो. एक पूर्ण वर्गाला सामाईक, आणि दुसरा फक्त आपल्या बॅचचा. भाचीच्या सोमवारच्या साडेतीन तासांत दहा ते अकरा ही चौकट सर्वांनाच रिकामी आहे, अकरा ते साडेअकरा ही सर्वांची मधली सुट्टी आहे, आणि साडेअकरा ते दीड या वेळेत पहिली बॅच रसायनाच्या प्रयोगशाळेत असते. शीटमध्ये हे सर्व मिळून २१० असा एकच आकडा दिसतो, पण त्यातील दोन भागांचे भवितव्य अगदी वेगळे असते.

सामाईक मोकळा तास हा महाविद्यालयात कोणाचाही असतो. अभ्यासक्रम मागे पडला की प्राध्यापक त्यातच जादा व्याख्यान घेतात, महोत्सवाच्या बैठका त्यातच होतात, आणि वर्गातील सर्व मित्रमैत्रिणी त्याच वेळी कँटीनमध्ये असतात. आपल्या बॅचच्या मोकळ्या वेळेत मात्र अर्धा वर्ग प्रयोगशाळेत अडकलेला असल्यामुळे पूर्ण वर्गाचे व्याख्यान तिथे ठेवताच येत नाही. म्हणून शीटमध्ये आणखी एक स्तंभ करून प्रत्येक मोकळ्या वेळेसमोर सामाईक की बॅचची एवढे लिहावे, आणि जड अभ्यास बॅचच्या वेळेत टाकावा. भाचीच्या आठवड्यात असा वेळ सोमवारी साडेअकरा ते दीड एवढाच निघाला. बुधवारचा नऊ ते दहा आणि शुक्रवारचा दहा ते साडेअकरा हे दोन्ही सामाईक आहेत.

तक्त्यात मोकळे तास भरपूर दिसतात. प्रत्यक्षात अभ्यासाला किती मिळतात?

दिसतात त्याच्या साधारण निम्मे. भाचीच्या शीटमध्ये सर्व अंतरांची बेरीज ५७० मिनिटे, म्हणजे साडेनऊ तास आली. त्यातून मंगळवार, बुधवार आणि गुरुवार या दिवशी स्वतंत्रपणे सापडलेली अर्ध्या तासाची मधली सुट्टी वगळली की ४८० उरतात. पाच मोकळ्या वेळांपैकी प्रत्येकीतून पंधरा मिनिटे जाण्यायेण्याची काढावी लागतात. वर्गातून बाहेर पडून, जिना उतरून, ग्रंथालयात पिशवी ठेवून, ओळखपत्र दाखवून बसेपर्यंत दहा, आणि पुढच्या व्याख्यानाला पोहोचायला पाच. राहिले ४०५. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या तीन दिवशी दुपारचा डबा याच वेळेत खायचा असतो, त्याचे अर्ध्या तासाप्रमाणे ९० गेले, की ३१५ मिनिटे राहतात.

या ३१५ मध्येही बुधवारी आणि शुक्रवारी साडेबारा ते दीड या वेळेतील डब्यानंतरची पंधरा-पंधरा मिनिटे आहेत, आणि त्यांना अभ्यास म्हणण्यात अर्थ नाही. बुधवारच्या पंधरा मिनिटांत ती लगेच येणाऱ्या रसायन प्रात्यक्षिकाची कृती वाचून घेते, शुक्रवारची तशीच सोडून देते. खऱ्या बैठकांसाठी उरतात २८५ मिनिटे, म्हणजे पावणेपाच तास. हा आकडा पाहून ती हिरमुसली होती, पण आराखडा पावणेपाच तासांचा केला तर तो पाळता येतो. साडेनऊचा केला असता तर पहिल्याच सोमवारी मोडला असता आणि मग पुढच्या दिवसांकडे कोणी वळूनही पाहिले नसते.

कोणत्या मोकळ्या वेळेत कोणता विषय घ्यावा?

विषयांची यादी करून ती मोकळ्या जागांत समसमान वाटत बसू नये. त्या वेळेच्या लगेच आधी काय झाले आणि लगेच नंतर काय येणार आहे, हे पाहून विषय ठरवावा. नुकत्याच संपलेल्या व्याख्यानाची वही दुरुस्त करायला त्या वेळी दहा मिनिटे पुरतात, कारण फळ्यावरची सुटलेली पायरी अजून डोळ्यांसमोर असते. तेच काम रविवारी करायला बसले तर कोणाच्या तरी वहीचे फोटो मागवावे लागतात.

भाचीचा सोमवार आम्ही असा बसवला. आठला रसायन आणि नऊला भौतिक झाल्यावर १०:१० ते ११:०५ या बैठकीत त्याच दोन व्याख्यानांच्या वह्या पूर्ण करायच्या. हा वेळ सामाईक असल्यामुळे कधी जादा व्याख्यानात जाणार हे गृहीत धरले आहे, म्हणून त्यात बुडाले तरी भरून काढता येईल असे हलके काम ठेवले. ११:०५ ते ११:३५ डबा, तोही मैत्रिणींसोबत, कारण पहिल्या बॅचच्या मुली साडेअकराला प्रयोगशाळेत जातात आणि मग गप्पा आपोआप थांबतात. ११:३५ ते १२:३० ही आठवड्यातील सर्वांत सुरक्षित बैठक, म्हणून तीत सेंद्रिय रसायनातील अभिक्रिया पुस्तक मिटून कागदावर लिहून पाहणे हे तिला सर्वांत जड जाणारे काम. १२:३० ते १:२५ या बैठकीत जर्नल. मागच्या बुधवारच्या प्रयोगाची निरीक्षणे, आकडेमोड आणि आलेख त्यात पूर्ण होतात आणि या बुधवारी सही घेता येते. जर्नल सत्राच्या शेवटी एकदम लिहायला घेणाऱ्यांना कच्च्या वहीतील वाचने कोणत्या प्रयोगाची हेच आठवत नाही, हे मी दरवर्षी पाहतो.

बुधवारी ९:१० ते ९:५५ या पंचेचाळीस मिनिटांनंतर लगेच दहाला गणिताचे व्याख्यान आहे. त्यात मंगळवारी शिकवलेल्या प्रकारची चार-पाच उदाहरणे सोडवायची. एखादे अडले तर दहाच मिनिटांत समोर येणाऱ्या प्राध्यापकांना विचारता येते. शुक्रवारी १०:१० ते ११:२५ ही बैठक भौतिकशास्त्राच्या व्याख्यानानंतर येते, म्हणून तीत भौतिकाची संख्यात्मक उदाहरणे ठेवली.

आराखड्यात नुसते "गणित" असे लिहू नये. "मंगळवारच्या व्याख्यानातील पद्धतीची पाच उदाहरणे" असे लिहिले की बसल्यावर काय उघडायचे याचा विचार करण्यात वेळ जात नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या बैठकीत त्या विचारालाच दहा मिनिटे लागतात, असा अनुभव आहे.

अर्ध्या तासाच्या मधल्या सुट्टीत अभ्यास ठेवावा का?

ठेवू नये. ज्या दिवशी आठ वाजताच्या व्याख्यानासाठी घर सव्वासहाला सोडलेले असते, त्या दिवशी अकरा वाजता पोटात काही जाणे जास्त आवश्यक असते.

बसायचे कुठे? ग्रंथालयात जागा मिळत नाही.

मुंबईतील अनेक महाविद्यालये एकाच इमारतीत सकाळी एक आणि दुपारी दुसरा विभाग चालवतात, त्यामुळे जागेची टंचाई खरी आहे. अभ्यासिका कोणत्या वेळी भरते हे एक आठवडा पाहून लिहून ठेवावे. परीक्षा जवळ नसेल तर मधली सुट्टी संपल्यावर जागा मिळते, असे भाचीच्या महाविद्यालयात दिसले.

दुसरी वाट वेळापत्रकातच लपलेली असते. प्रत्येक चौकटीत विषयासोबत खोलीचा क्रमांक दिलेला असतो. आपल्या वर्गासोबत त्याच मजल्यावरील आणखी दोन वर्गांचे स्क्रीनशॉट मिळवले, तर कोणती खोली कोणत्या वेळी रिकामी असते हे काढता येते. सोमवारी साडेबारानंतर रिकामी असलेली एक खोली भाचीने अशीच शोधली आणि विभागातील शिपाईकाकांना विचारून तिथे बसू लागली. जर्नलच्या आलेखाला मोठे बाक लागते, आणि ते अभ्यासिकेपेक्षा वर्गात अधिक सोयीचे पडते. विचारून बसावे, हे मात्र कटाक्षाने पाळावे.

लोकलमधील वेळ आराखड्यात धरावा का?

माझे उत्तर नाही असे आहे. डोंबिवलीहून सकाळच्या जलद गाडीत उभे राहायला जागा मिळाली तरी वही उघडता येत नाही, आणि ज्या दिवशी बसायला मिळते तो दिवस आधी ठरवता येत नाही. गाडीत सूत्रे मनात म्हणून पाहणे किंवा स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या व्याख्या ऐकणे होत असेल तर अवश्य करावे, पण ते आराखड्यातील तासांत मोजू नये. मोजले की जुलैतील पहिल्या मोठ्या पावसात, गाड्या रखडल्या की, हिशेब कोसळतो.

प्रवासाचा आराखड्याशी दुसरा संबंध अधिक महत्त्वाचा आहे. गाडी उशिरा आली तर बुडते ते पहिले व्याख्यान, आणि मग बुडालेले उतरवून घेण्याचे काम दिवसाच्या पहिल्या मोकळ्या वेळेत येऊन पडते. म्हणूनही दिवसातील पहिल्या मोकळ्या वेळेत जड काम ठेवू नये.

शेवटचे व्याख्यान संपल्यावर महाविद्यालयात थांबणे योग्य की लगेच घरी जाणे?

हे घरी काय परिस्थिती आहे आणि गाडीला गर्दी कधी असते यावर ठरते. कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या दुपारी तुलनेने रिकाम्या असतात आणि पाचनंतर भरतात. म्हणून थांबायचेच असेल तर तीनच्या सुमारास निघता येईल इतकेच थांबावे. संध्याकाळच्या गर्दीत सापडले तर थांबून मिळवलेला तास घरी पोहोचल्यावर दमून पडण्यात जातो.

भाचीचे गुरुवारी साडेबाराला संपते. त्या एका दिवशी ती १:१० पर्यंत डबा खाऊन २:४० पर्यंत नव्वद मिनिटे गणिताला बसते. याने आठवड्याचे २८५ मिनिटांचे ३७५ होतात, म्हणजे सव्वासहा तास. मंगळवारी दोन तासांचे प्रात्यक्षिक उभ्याने करून दीडला बाहेर आल्यावर मात्र तिला थांबायला सांगितले नाही. बुधवारी तर साडेतीन वाजतात, तेव्हा थेट स्थानक गाठावे.

जादा व्याख्यान लागले किंवा व्याख्यान रद्द झाले तर?

जादा व्याख्यानाने खाल्लेली बैठक त्याच आठवड्यात कुठे तरी कोंबण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यामुळे दुसरी बैठक मोडते. आठवड्यातील एक जागा मुद्दाम मोकळी ठेवावी आणि बुडालेले काम तिथे न्यावे. भाचीने यासाठी शनिवारी दहाला महाविद्यालय सुटल्यानंतरचा एक तास ठेवला आहे. आठवड्यात काही बुडाले नसेल तर ती सरळ घरी जाते.

रद्द झालेल्या व्याख्यानाची गोष्ट उलटी आहे. ते गटावर ऐन वेळी कळते आणि तयारी नसल्यामुळे तो तास हातातून जातो. त्यासाठी पिशवीत नेहमी एक ठरलेले काम असावे, जसे जर्नलची कोरी पाने किंवा मागील परीक्षेची एक प्रश्नपत्रिका. बाकी व्याख्यान रद्द झाले म्हणून आराखड्यात बदल करण्याची गरज नाही.

फोनच्या कॅलेंडरमध्ये संपूर्ण वेळापत्रक भरावे का?

संपूर्ण भरण्याची गरज मला वाटत नाही. गूगल कॅलेंडरमध्ये `CSV` फाईल संगणकावरून आत घेता येते, पण त्या फाईलमध्ये दर आठवड्याला पुन्हा येणारी नोंद सांगता येत नाही. प्रत्येक तारखेची ओळ वेगळी लिहावी लागते आणि मग पंधरा आठवड्यांच्या २७० ओळी होतात. वेळापत्रक बदलले की त्या पुसत बसण्यातच एक संध्याकाळ जाईल. त्यापेक्षा फक्त अभ्यासाच्या सहा बैठका हाताने भराव्यात, त्यांना साप्ताहिक पुनरावृत्ती आणि सत्र संपण्याची तारीख द्यावी, आणि सूचना दहा मिनिटे आधीची न ठेवता बैठकीच्या सुरुवातीची ठेवावी. दहा मिनिटे आधी फोन वाजला तर तो वर्गात वाजेल. व्याख्यानांसाठी मूळ स्क्रीनशॉट पुरेसा आहे.

वेळापत्रक सुधारून आले तर सर्व पुन्हा करावे लागते का?

सत्राच्या पहिल्या महिन्यात वेळापत्रक एक-दोनदा तरी बदलते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात कॅलेंडर भरण्याची घाई करू नये, दुसरा स्क्रीनशॉट येईपर्यंत शीट पुरेशी आहे. नवे चित्र आले की जुन्या शीटची प्रत काढून तिला लागू होण्याची तारीख नाव म्हणून द्यावी, बदललेल्या ओळीच दुरुस्त कराव्यात, पुन्हा क्रम लावावा आणि एकूण तासांची बेरीज आधीएवढीच येते का ते पाहावे. विषय तेच असतील तर २१ चे २१ च यायला हवेत. कमी-जास्त झाले तर बदल तुम्ही चुकीचा वाचला आहे किंवा वेळापत्रक करणाऱ्यांकडूनच एखादे व्याख्यान गळले आहे. दोन्ही घडते, आणि दुसरे घडले तर ते विभागात जाऊन सांगावे.

याशिवाय तीन आठवड्यांनी एकदा, कोणती बैठक किती वेळा झाली हे शीटमध्ये लिहावे. भाचीची सोमवारची १०:१० ची बैठक तीनपैकी एकदाच झाली, दोनदा जादा व्याख्यान आले. ११:३५ आणि १२:३० च्या बैठका तिन्ही वेळा झाल्या. शुक्रवारची पंचाहत्तर मिनिटांची बैठक दोनदा अर्धीच झाली, कारण अकराला मधली सुट्टी झाली की मैत्रिणी बोलवायला येतात. आम्ही ती १०:१० ते ११:०० अशी लहान केली आणि भौतिकाची उरलेली उदाहरणे शनिवारच्या राखीव तासाकडे दिली.